जाहिरातीतला ‘अथवा’ आणि पदविकेची फी

मध्य प्रदेशात सहायक ग्रेड-3 नावाचं एक पद असतं. महाराष्ट्रात ज्याला लिपिक-टंकलेखक म्हणतात, साधारण तेच काम. या पदाची भरती कर्मचारी निवड मंडळ करतं. लोक त्याला अजूनही व्यापमच म्हणतात. मंडळाच्या ग्रुप-4 परीक्षेची नियमपुस्तिका उघडून पात्रतेचा रकाना वाचला, तर त्यात आधी बारावी येते आणि मग संगणकाची अट. मान्यताप्राप्त विद्यापीठाची एक वर्षाची संगणक पदविका, अथवा डोएकची पदविका, अथवा आयटीआयचा कोपा ट्रेड, अथवा शासकीय तंत्रनिकेतनातला आधुनिक कार्यालय व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम. एवढं झाल्यावर एक ‘एवं’ येतो, आणि त्याच्या पुढे हिंदी टंकलेखनासह सीपीसीटी या संगणक आणि टंकलेखन परीक्षेचं गुणपत्रक.

तीन ‘अथवा’ आणि एक ‘एवं’. संगणकाच्या पदविकेवर खर्च होणारे पैसे कामाला आले की वाया गेले, हे बऱ्याच अंशी या चार शब्दांवर ठरतं. तरीही फी भरण्याच्या आधी ही पुस्तिका कुणी वाचलेली मला क्वचितच दिसते.

मी सिहोऱ्याबद्दल लिहितो आहे. भंडाऱ्याच्या तुमसर तालुक्यातलं सिहोरा वेगळं. हे जबलपूर जिल्ह्यातलं, जबलपूर-कटनी रेल्वेमार्गावरचं तहसिलीचं गाव. स्टेशनच्या पाटीवर ‘सिहोरा रोड’ असं नाव आहे. अशा कुठल्याही गावात बाजारातून चालत गेलं की संगणक केंद्रांच्या पाट्या दिसतात, आणि दहावी-बारावीचे निकाल लागले की घरी विचारणा सुरू होते. “काका, हा कोर्स केला तर नोकरी लागते का?” या प्रश्नाला खरं उत्तर देणं कुणालाच शक्य नाही, कारण नोकरी लागणं शंभर गोष्टींवर अवलंबून असतं. मात्र त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मोजून काढता येतं: हे प्रमाणपत्र नसल्यामुळे माझा अर्ज बाद होईल अशा जागा किती, आणि ते हातात आल्यावर त्यातल्या किती जागांसाठी मला खरोखर अर्ज करता येईल?

हा हिशेब लोक आज कसा करतात? एक तर केंद्राच्या पत्रकावरून. त्यावर ‘शासन नोंदणीकृत’ असं मोठ्या अक्षरात असतं आणि आयएसओचा शिक्का असतो. संस्था न्यास म्हणून नोंदलेली असणं किंवा उद्योग म्हणून नोंदलेली असणं, याचा शिक्षणाच्या मान्यतेशी काही संबंध नाही. आयएसओ 9001 हे संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीचं मानक आहे. तेवढ्याने तिची पदविका कोणत्याही भरतीत ग्राह्य ठरत नाही. हे दोन्ही शिक्के खरे असूनही प्रमाणपत्र भरतीच्या टेबलावर निरुपयोगी ठरू शकतं. दुसरा मार्ग म्हणजे ओळखीतल्या कुणाचं उदाहरण. अमक्याच्या मुलाने कोर्स केला आणि तो लागला. तो त्या कागदामुळे लागला, की कागद नसतानाही लागला असता, हे मात्र कुणी विचारत नाही.

जाहिराती मोजणं या दोन्हीपेक्षा भरवशाचं आहे, पण त्यातही एक चूक जवळजवळ सगळे करतात. ज्या जाहिरातीत प्रमाणपत्राचं नाव दिसलं, ती जाहिरात त्या प्रमाणपत्राच्या खात्यात जमा करतात. नाव दिसणं आणि नावावाचून अडणं यात केवढं अंतर असतं, ते रेल्वेच्या दोन भरत्या शेजारी ठेवल्या की कळतं.

जबलपूर हे पश्चिम-मध्य रेल्वेचं मुख्यालय, त्यामुळे आमच्याकडची मुलं रेल्वेच्या जाहिराती डोळ्यांत तेल घालून पाहतात. 2024 साली सहायक लोको पायलटची मोठी भरती निघाली. जागा आधी 5,696 होत्या, पुढे 18,799 झाल्या. तिथे दहावीनंतर ठरावीक ट्रेडमधलं आयटीआय, नाहीतर अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी लागत होती. फक्त दहावी झालेल्याचा अर्ज तिथे टिकत नव्हता. 2025च्या सुरुवातीला लेव्हल-1ची, म्हणजे जुन्या ग्रुप-डीची 32,438 जागांची भरती आली. तिच्या अटीतही आयटीआयचं नाव होतं, पण शब्द होते ‘दहावी अथवा आयटीआय’. पहिल्या जाहिरातीत आयटीआयने दार उघडलं. दुसऱ्या जाहिरातीत दहावीनेच ते उघडं होतं, आयटीआयने काही वाढवलं नाही. खाजगी आयटीआयचा प्रतिनिधी मात्र दोन्ही आकड्यांची बेरीज करून पन्नास हजारांहून जास्त जागा सांगू शकतो, आणि त्यातला एकही आकडा खोटा नसतो.

म्हणून मोजणीचा मूळ नियम वजाबाकीचा आहे. आधी आज हातात असलेल्या शिक्षणावर किती जागांना अर्ज करता येतो ते मोजायचं, मग नवं प्रमाणपत्र धरून पुन्हा मोजायचं. दोन्हींतला फरक ही त्या प्रमाणपत्राची कमाई.

महाराष्ट्रातल्या वाचकाला एमएस-सीआयटीवरून याची दुसरी बाजू ओळखीची वाटेल. 2001पासून चालत आलेला हा अभ्यासक्रम राज्याच्या बहुतेक सरकारी जाहिरातींत नावानिशी असतो. 2023च्या तलाठी भरतीत 4,644 जागा होत्या, आणि संगणक अर्हतेची अटही होती. पण त्याच अटीत पुढे असंही होतं की प्रमाणपत्र नसेल, तर नियुक्तीच्या दिनांकापासून दोन वर्षांत ते मिळवावं. म्हणजे अर्ज करताना ते नसलं तरी उमेदवार बाद होत नव्हता. अशा जाहिरातीत प्रमाणपत्र घ्यावं लागतं हे खरं, पण ते निवड झाल्यावर, पहिला पगार हातात आल्यावरही घेता येतं. अजून निवड न झालेल्याने उसनवारी करून घाईने फी भरण्याचं कारण या जाहिरातीत नाही. त्यामुळे मोजताना तीन राशी करायच्या: अर्जाच्या शेवटच्या तारखेला प्रमाणपत्र हातात हवं ती पहिली, नेमणुकीनंतर मुदत मिळते ती दुसरी, आणि ‘असल्यास प्राधान्य’ एवढंच म्हटलं आहे ती तिसरी. निर्णय पहिल्या राशीवर घ्यायचा.

आता सिहोऱ्यातल्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. ती बारावी झाली आहे, पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे, तिला कार्यालयीन नोकरी हवी आहे, आणि गरज पडली तर जबलपूर किंवा कटनीपर्यंत जायची तिची तयारी आहे. तिच्यापुढे तीन वाटा आहेत. गावातल्या एका खाजगी न्यासाची वर्षभराची पदविका ही पहिली. दुसरी डीसीए, म्हणजे विद्यापीठाची एक वर्षाची, दोन सत्रांची संगणक पदविका. आमच्या राज्यात ती मुख्यत्वे भोपाळच्या माखनलाल चतुर्वेदी राष्ट्रीय पत्रकारिता व संचार विद्यापीठाच्या संलग्न केंद्रांतून गावोगाव मिळते. तिसरी नुसती सीपीसीटीची परीक्षा. यापुढचे आकडे मी पद्धत दाखवण्यासाठी कल्पून घेतले आहेत. जागोजागच्या जाहिरातींचे शब्द वेगळे निघतील, हिशेबाची रीत तीच राहील.

समजा, तिने गेल्या काही वर्षांतल्या आपल्या वयाला आणि शिक्षणाला लागू पडणाऱ्या 60 जाहिराती जमवल्या. पहिलं काम गाळणीचं. एकच भरती मंडळाच्या संकेतस्थळावर, रोजगाराच्या साप्ताहिकात आणि तीन-चार नोकरीविषयक पानांवर येते. मुदतवाढीची आणि शुद्धिपत्रकाची सूचना वेगळी जाहिरात म्हणून दिसते. हे काढून टाकल्यावर 60च्या 44 उरल्या. त्यातल्या 13 जाहिरातींत संगणकाचा उल्लेखच नाही. 17 जाहिरातींत ‘संगणकाचं ज्ञान’ एवढंच म्हटलं आहे, प्रमाणपत्र मागितलेलं नाही. म्हणजे 30 दारं आजच उघडी आहेत, आणि कुठल्याही फीचं श्रेय या 30 दारांवर लागत नाही.

उरल्या 14. हाच खरा विषय. त्यातल्या 9 जाहिराती ग्रुप-4च्या धर्तीच्या आहेत, म्हणजे यादीतली एखादी पदविका एवं सीपीसीटी. 3 जाहिरातींना फक्त सीपीसीटी पुरते. 2 जाहिरातींत ‘संगणकाची कोणतीही पदविका’ चालते. आता वजाबाकी करू. न्यासाच्या पदविकेने 2 दारं उघडतात. डीसीएनेही, एकटीने, 2च उघडतात. नुसत्या सीपीसीटीने 3. पण डीसीए आणि सीपीसीटी दोन्ही असतील, तर सगळी 14 उघडतात. न्यासाच्या पदविकेला सीपीसीटीची जोड दिली तर मात्र 5च, कारण ती 9 जाहिरातींच्या यादीत बसत नाही.

इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण या एका ‘एवं’ने सगळा हिशेब बदलला. एकेकट्या प्रमाणपत्राची किंमत काढली तर डीसीए वाया गेलेली दिसते. जोडीची काढली तर तिच्यातूनच सर्वाधिक दारं उघडतात. डीसीए करून सीपीसीटी न दिलेली कितीतरी मुलं ग्रुप-4च्या अर्जाच्या वेळी हळहळतात. दोष त्यांच्या पदविकेचा नसतो; अर्धं कुलूप उघडून ती थांबलेली असतात. जे प्रमाणपत्र ‘एवं’ने जोडलेलं असेल, त्याचा खर्चही जोडीनेच धरायला हवा.

तो खर्च फीवर संपत नाही. सीपीसीटीची परीक्षा फी काही शेकड्यांत आहे, पण केंद्र जबलपूरला, म्हणून जाण्यायेण्याचा दिवस त्यात आला. परीक्षेत 75 मिनिटांत 75 बहुपर्यायी प्रश्न असतात आणि उत्तीर्ण व्हायला 38 बरोबर लागतात. त्यानंतर इंग्रजी आणि हिंदी टंकलेखन प्रत्येकी 15 मिनिटं. उत्तीर्ण होण्याचा वेग इंग्रजीला मिनिटाला 30 शब्द, हिंदीला 20. गुणपत्रकावर तिन्ही भाग वेगवेगळे छापतात, आणि लिपिकाच्या जाहिराती हिंदीचा भाग पाहतात. प्रश्नांत आणि इंग्रजीत पास झालेली मुलगी हिंदीत राहिली, तर त्या 12 दारांच्या दृष्टीने ती नापासच असते. पुन्हा बसायचं म्हणजे फी आणि प्रवास पुन्हा. शिवाय काही टंकलेखन वर्गांत अजून कृतिदेव फाँटवर जुन्या पद्धतीने शिकवतात, तर परीक्षेत युनिकोडचा मंगल फाँट आणि रेमिंग्टन गेल किंवा इनस्क्रिप्ट कळफलक असतो. तीन महिने चुकीच्या कळफलकावर बोटं बसवण्याचा खर्च कुठल्याच पावतीवर येत नाही. वर्गात नाव घालण्याआधी त्यांच्या संगणकावर कोणता कळफलक आहे, हे पाहून यावं.

काळाचाही प्रश्न आहे. जाहिराती महिनाभराच्या मोजल्या तर आकडा फसवा येतो, कारण सरकारी भरती लाटांनी येते. आमच्या राज्यात पटवारी भरतीच्या परीक्षा 2012, 2017 आणि 2023 साली झाल्या. मध्ये पाच-सहा वर्षांचं अंतर. 2017ला 9,235 जागा होत्या. त्या वर्षी मोजणाऱ्याला पटवारीपदाचा सुकाळ दिसला असता, 2020ला मोजणाऱ्याला एकही जागा दिसली नसती. म्हणून सरकारी जागांसाठी किमान पाच-सहा वर्षांच्या नियमपुस्तिका पाहाव्यात. खाजगी जागांसाठी तीन महिने पुरतात.

याच अंतराला प्रमाणपत्राची वैधता लावून पाहा. सीपीसीटीचं गुणपत्रक पूर्वी दोन वर्षं चालायचं, आता सात वर्षं चालतं. दोन वर्षांच्या नियमाने 2018ला परीक्षा दिलेल्याचा कागद 2020ला संपला असता आणि 2023च्या लाटेपर्यंत पोचलाच नसता. सात वर्षांच्या नियमाने तो पोचतो. परीक्षा तीच, कष्ट तेच, पण वैधतेच्या एका बदलाने तिची किंमत कित्येक पटींनी वाढली. भरतीच्या दोन लाटांमधलं अंतर प्रमाणपत्राच्या आयुष्यापेक्षा मोठं असेल, तर ते प्रमाणपत्र जाहिरात येण्याची चाहूल लागल्यावरच घ्यावं.

आणि जाहिरात निघाली म्हणजे जागा भरली असंही नाही. 2023च्या पटवारी परीक्षेला नऊ लाखांहून अधिक उमेदवार बसले. निकालावर आरोप झाले, जुलैमध्ये नेमणुका थांबवल्या गेल्या, चौकशी झाली, आणि वाट मोकळी झाली ती 2024च्या फेब्रुवारीत. ज्यांनी या भरतीवर भिस्त ठेवून कर्ज काढलं, त्यांचे हप्ते त्या काळात थांबले नसतील. उघडं दार म्हणजे फक्त अर्ज करण्याचा हक्क. आत जाण्याची शक्यता प्रमाणपत्राने ठरत नाही, कारण रांगेतल्या प्रत्येकाकडे ते असतंच.

आतापर्यंत मी सरकारी जागांबद्दल बोललो, कारण तिथे अट पांढऱ्यावर काळं करून दिलेली असते. खाजगी क्षेत्रात मोजणी अवघड आहे, आणि तिची मर्यादा मान्य केली पाहिजे. अमेरिकेतल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या 2017च्या एका अहवालात असं दिसलं की उत्पादन-पर्यवेक्षकाच्या 67 टक्के जाहिराती महाविद्यालयीन पदवी मागत होत्या, तर प्रत्यक्ष त्या कामावर असलेल्यांपैकी 16 टक्क्यांकडेच ती पदवी होती. जाहिरात मालकाची इच्छा सांगते, त्याची गरज सांगेलच असं नाही. सरकारी कार्यालयातला बाबू अटीत न बसणारा अर्ज बाजूला काढतो, कारण नियम त्याला बांधतो. खाजगी मालकाला कुणी बांधलेलं नसतं. म्हणून खाजगी जाहिरातींतल्या आकड्याला सरकारी आकड्याइतकं वजन देऊ नये.

टॅलीचं उदाहरण घ्या. जबलपूरच्या व्यापारी पेढ्यांच्या हिशेबनीस हवा अशा जाहिरातींत टॅलीचं नाव हमखास असतं. पण शब्द असतात ‘टॅली येणं आवश्यक’. मुलाखतीला गेल्यावर संगणकासमोर बसवतात आणि खरेदीची चार बिलं भरायला सांगतात, जीएसटीची नोंद कुठे जाते ते पाहतात. तिथे प्रमाणपत्राची फाईल उघडलीच जात नाही. टॅली शिकणं उपयोगाचंच आहे, पण ते ओळखीच्या मुनीमजींकडे दोन महिने बसूनही शिकता येतं. महागड्या टॅली-पदविकेची कमाई म्हणजे पदविकेने उघडणारी दारं वजा नुसत्या हाताच्या सरावाने उघडणारी दारं, आणि हा फरक बऱ्याचदा शून्याजवळ येतो.

सिहोऱ्यासारख्या गावातल्या कितीतरी जागा छापूनच येत नाहीत. एमपी ऑनलाइनचं किऑस्क, खाजगी शाळेचं कार्यालय, बियाण्याचं दुकान, पतसंस्था, धान्याच्या आडतीवरचं टेबल. या जागा जाहिरातींच्या मोजणीत कधीच सापडणार नाहीत. त्या पायी फिरून मोजायच्या. दहा-बारा ठिकाणी जाऊन एकच विचारायचं: “भाईसाहब, आपने पिछली बार जिसे रखा, उसका क्या देखकर रखा?” पुढे कोणाला ठेवाल, असं विचारलं तर लोक चांगली चांगली उत्तरं देतात. मागच्या वेळी काय पाहिलंत, असं विचारलं की खरं बोलतात. ओळख, गावातच राहणं, टंकलेखनाचा वेग, दुपारी थांबायची तयारी, असलं काहीतरी ऐकायला मिळेल. त्यात प्रमाणपत्राचं नाव आलंच, तर ते वहीत मांडून ठेवावं.

सगळं पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे. मध्य प्रदेशात कार्यालयीन सरकारी नोकरीची वाट धरलेल्याने विद्यापीठाची डीसीए आणि हिंदी टंकलेखनासह सीपीसीटी ही जोडी घ्यावी, आणि यातलं एकच घ्यायचं असेल तर थांबावं. ज्याला नागपूरच्या नातेवाइकांच्या आधाराने महाराष्ट्रात प्रयत्न करायचा आहे, त्याने आधी अधिवासाची अट पाहावी आणि मगच प्रमाणपत्र निवडावं, कारण तिथे सीपीसीटी चालत नाही आणि इथे एमएस-सीआयटी चालत नाही. ज्याला दुकानात किंवा पेढीवर काम करायचं आहे, त्याने पैसे प्रमाणपत्रावर न घालता सरावावर घालावेत. आणि न्यासांच्या पदविकांबद्दल माझं मत कठोर आहे: ज्या पदविकेचं किंवा तिच्या विद्यापीठाचं नाव एकाही नियमपुस्तिकेच्या यादीत बसत नाही, ती सरकारी नोकरीसाठी म्हणून विकणं चूक आहे, मग तिथलं शिक्षण कितीही मन लावून दिलेलं असो.

नियमपुस्तिका मंडळाच्या esb.mp.gov.in या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पात्रतेचा तक्ता छापून घ्या, ‘अथवा’ आणि ‘एवं’ वेगवेगळ्या रंगांनी अधोरेखित करा, आणि तो कागद घेऊन केंद्रावर जा. फीची पहिली पावती फाडण्याआधी केंद्रचालकांना नम्रपणे एवढंच विचारा, की या तक्त्यात तुमचं प्रमाणपत्र कोणत्या ओळीत बसतं, ते बोट ठेवून दाखवा.